सातव्या महिन्यात ताप: गोळीनं मिळतात ते सहा तास

प्रश्न: "बायकोला सातवा महिना चालू आहे, २८ आठवडे झाले. काल संध्याकाळपासून ताप आहे, १०१.५ पर्यंत जातोय. मेडिकलवाल्यानं ताप-अंगदुखीची गोळी दिली आहे. आई म्हणते, पोटुशी बाईला कसलीच गोळी द्यायची नाही, नुसतं पाणी पाजत राहा. कोणती गोळी चालते? आणि दवाखान्यात न्यायचं का दोन दिवस वाट बघायची? आम्ही करवीर तालुक्यात, कोल्हापूरपासून १५ किलोमीटरवर राहतो."

मी कोल्हापुरात गेली २२ वर्षं बाळंतपणं करते. ताप अजून चालू आहे म्हणून आधी करायचं काय ते सांगते, कारणं मागून. साधं पॅरासिटामॉल द्या, दुसरं काही मिसळलेलं नको. मेडिकलमधून आणलेली गोळी तिच्या हातावर ठेवण्याआधी पाकीट पालथं करून मागचं बारीक अक्षर वाचा. पाणी पाजत राहा, त्यात आईंचं बरोबर आहे. पण दोन दिवस वाट बघू नका. २८ व्या आठवड्यात १०१.५ ताप म्हणजे आजच्या आज दाखवायचं. रात्री उशिरा वाचत असाल आणि ती शुद्धीवर, शांत असेल, पाणी पोटात ठरत असेल, बाळ नेहमीसारखं फिरत असेल, तर सकाळी उठल्या उठल्या निघा. यातलं एक जरी नसेल तर सकाळचीही वाट बघू नका.

गोळी कोणती हे तुम्ही विचारलंत. मला मात्र काळजी ताप कशाचा आहे याची वाटते. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, पण ताप ज्यामुळे आला ते जागच्या जागी राहतं. चांगली बसलेली एक गोळी तुम्हाला चार ते सहा तास देते. त्या वेळात बाईला बरं वाटतं, ती चार घोट पाणी पिते, थोडी झोपते, बाळाच्या अंगातली उष्णता कमी होते. ते सहा तास घरी बसून घालवायचे, की दवाखाना गाठून कारण शोधायला वापरायचे, यावर पुढचं सगळं ठरतं.

मी तिला तपासलेलं नाही. तिला रक्तदाब, साखर, हृदयाचा किंवा यकृताचा काही त्रास असेल, आधी कधी एखाद्या गोळीची रिॲक्शन आली असेल, वजन ५० किलोच्या आत असेल, तर खाली दिलेली मात्रा आणि पाण्याचं प्रमाण बदलेल. ते तिच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. पुढे लिहिते ते बाकी काही दुखणं नसलेल्या गरोदर बाईसाठी.

आता त्या पाकिटाबद्दल. मागं नुसतं "पॅरासिटामॉल ५००" किंवा "पॅरासिटामॉल ६५०" असेल तर ती गोळी चालते. कंपनी कुठलीही असो, नावाला महत्त्व नाही. पण "ताप-अंगदुखीची" म्हणून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला दुसरं एक औषध असतं: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, निमेसुलाइड किंवा मेफेनॅमिक ॲसिड. यातलं एकही नाव दिसलं तर ती गोळी गरोदर बाईला नको. ही सगळी वेदनाशामकांच्या एकाच घराण्यातली आहेत.

का नको, ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी विचारावं लागणार नाही. पोटातलं बाळ श्वास घेत नसतं. त्यामुळे त्याचं रक्त फुप्फुसांकडे न जाता एका लहान जोडवाहिनीतून परस्पर पुढं जातं. जन्मल्यावर ती वाहिनी आपोआप बंद होते. ही औषधं ती पोटातच आकसवू शकतात, आणि सातव्या महिन्यापासून हा धोका वाढत जातो. दुसरं म्हणजे बाळाच्या भोवतीचं पाणी या काळात मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावतात आणि पाणी कमी होतं. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२० साली २० आठवड्यांनंतर ही औषधं टाळा अशी सूचना काढली. आणि आईला ताप, घाम, उलट्यांनी पाणी कमी पडलेलं असताना तिच्या स्वतःच्या मूत्रपिंडालाही ती त्रास देतात. ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्राव वाढतो, तो आणखी निराळा धोका.

काल एखादी दिली असेल तर घाबरू नका. एका-दोन गोळ्यांनी बाळाला इजा होईल असं सहसा होत नाही. पुढची देऊ नका आणि डॉक्टरांना लपवू नका. दोन-तीन दिवस दिलेली असेल तर ते सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी बघतील.

गोळीसारखाच प्रश्न इंजेक्शनचा. गावाकडे "ताप उतरायचं इंजेक्शन" म्हणून कमरेवर जे दिलं जातं ते पुष्कळदा डायक्लोफेनॅकचं असतं. सुई टोचण्याआधी दोन गोष्टी बोला: "सातवा महिना आहे" आणि "इंजेक्शनचं नाव काय?" हे विचारण्यात कुणाचा अपमान होत नाही. पोट साडीत किंवा गाऊनमध्ये झाकलेलं असतं, खोलीत गर्दी असते, समोरच्याच्या लक्षात येतंच असं नाही.

घरात शिल्लक राहिलेली अँटिबायोटिकंही उघडू नका. डॉक्सीसायक्लिननं बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन गरोदरपणात आम्ही शक्यतो टाळतो. अमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं, अझिथ्रोमायसिन यांचा गरोदरपणातला अनुभव मोठा आणि चांगला आहे, पण कोणतं द्यायचं हे कारण कळल्यावर ठरतं. चुकीचं अँटिबायोटिक दोन दिवस घेऊन आलेल्या बाईच्या लघवीच्या कल्चरमध्ये जंतू उगवतच नाही, आणि मग आम्हाला अंदाजानं चालावं लागतं.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. काही गरोदर बायकांना रक्तदाबाच्या धोक्यामुळे आम्ही रोज रात्री कमी मात्रेची ॲस्पिरिनची गोळी देतो, ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची. ती तापासाठी नसते आणि तिचा हिशोब वेगळा आहे. ती मनानं बंद करू नका आणि मनानं चालूही ठेवू नका. ताप आला त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून विचारा, कारण डेंग्यूची शंका असेल तर ती थांबवावी लागते.

आता मात्रा. ५०० किंवा ६५० ची एक गोळी, थोडं काही खाऊन, भरपूर पाण्याबरोबर. परत लागलीच तर सहा तासांनी. २४ तासांत चारपेक्षा जास्त नकोत. ताप नसताना "येऊ नये म्हणून" देऊ नका. गोळीचा असर दिसायला अर्धा ते एक तास लागतो. वीस मिनिटांत ताप हलला नाही म्हणून दुसरी देण्याची चूक फार जण करतात. दुसरी नेहमीची चूक सर्दीच्या गोळीची. त्या गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे तापाची एक आणि सर्दीची एक अशा दोन दिल्या की नकळत दुप्पट मात्रा जाते आणि बोजा यकृतावर येतो. शिवाय सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते रक्तवाहिन्या आवळतं. गरोदर बाईला ते मनानं देऊ नये.

काढ्याबद्दलही विचारणा होतेच. आलं-तुळशीचा कोरा चहा कपभर घेतला तर माझी हरकत नाही. गुळवेलीचे अर्क आणि अडुळशाची पाकं मात्र नकोत. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदवले गेले आहेत, आणि अडुळशात गर्भाशयाला आकुंचन आणणारा घटक असतो.

आईंची भीती मला समजते. "दोन जिवांच्या बाईला गोळी नको" हे बहुतेक औषधांच्या बाबतीत शहाणपणाचंच आहे. पण इथे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ताप आहे. आईच्या अंगापेक्षा बाळाचं अंग नेहमीच थोडं जास्त गरम असतं, अर्धा ते एक अंश सेल्सिअस. आईला १०२ असेल तर बाळ त्याहून जास्त तापलेलं असतं, आणि त्याला घाम येऊन निवायची सोय नाही. त्याचे ठोके वाढतात. पहिल्या दीड-दोन महिन्यांत खूप चढलेला ताप बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला घातक ठरू शकतो. सातव्या महिन्यात ती भीती नसते, पण तापानं पोट आवळून कळा सुरू होण्याची असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं पॅरासिटामॉलचा संबंध स्वमग्नतेशी जोडला आणि ते व्हिडिओ आपल्याकडेही घरोघरी पोचले. त्यानंतर महिनाभर माझ्याकडे येणारी प्रत्येक दुसरी बाई तेच विचारत होती. जगातल्या प्रसूतितज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी तेव्हाही सांगितलं की गरोदरपणात तापाला पॅरासिटामॉलच द्यावं. स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांवर झालेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाच आईच्या मुलांची एकमेकांशी तुलना केली, म्हणजे एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी न घेतलेली, तेव्हा असा संबंध दिसला नाही. मी आजही तेच लिहून देते: लागेल तेवढं, लागेल तेवढेच दिवस.

पाण्याकडे वळू. "भरपूर पाणी पी" म्हटलं की तापलेली बाई दोन घोट घेऊन पेला खाली ठेवते. म्हणून मी घरच्या लोकांना माप देते. लिटरभराचा तांब्या तिच्या उशाशी ठेवा. चोवीस तासांत तो अडीच ते तीन वेळा रिकामा झाला पाहिजे. सगळं साधं पाणीच हवं असं नाही. तांदळाची मीठ घातलेली पेज, पातळ ताक, लिंबू-साखर-मिठाचं सरबत, शहाळं, वरणाचं पाणी हे सगळं त्यात मोजा. आपल्याकडे आजारी माणसाला मटणाचं अळणी देतात. ते ताजं, पूर्ण शिजलेलं आणि कोमट असेल तर मिठासह उत्तम. तांबडा-पांढरा मात्र ताप उतरेपर्यंत थांबू दे, तिखट-मसाल्यानं उलटी झाली तर आत गेलेलं सगळं बाहेर येतं. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम पूर्ण विरघळवा. अर्धं आज, अर्धं उद्या, असं करायचं नाही, क्षारांचं प्रमाण बिघडतं. आणि कागदी खोक्यातली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

मळमळत असेल तर पेला देऊ नका. दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्या. कंटाळवाणं काम आहे, घरातल्या कुणीतरी शेजारी बसायला लागतं, पण तासात शंभर-दीडशे मिलि आत जातं आणि ठरतं. पाणी पुरतंय का हे लघवीवरून कळतं. तीन-चार तासांनी होत असेल आणि रंग फिका असेल तर ठीक. सहा-आठ तास झालीच नाही, किंवा चहासारखी गडद झाली, तर घरचं पाणी पुरत नाही, सलाइन लागेल. रक्तदाब वाढून अंगावर सूज असलेल्या किंवा हृदयाचा आजार असलेल्या बाईला मात्र हे तीन तांब्यांचं माप लावू नका. साखर असलेल्या बाईनं सरबत आणि शहाळं टाळून ताक-पेज घ्यावी.

इथे एक गोष्ट खास आपल्या गावासाठी. गंगावेशीत म्हशीची धार काढून समोर पेला भरून दूध प्यायची आपली जुनी रीत आहे, आणि गरोदर सुनेला "ताकद येऊ दे" म्हणून घरीही धारोष्ण दूध पाजतात. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला आणि लिस्टेरिया हे जंतू येऊ शकतात. दोन्हींचा ताप येतो, दोन्हींनी गर्भ जाऊ शकतो. दूध द्या, पण उकळी आणून. आणि तिनं कच्चं दूध घेतलं असेल किंवा घरात नुकती म्हैस गाभडली असेल, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. आम्ही विचारायला विसरू शकतो.

अंग पुसायचं असेल तर कोमट पाण्याच्या फडक्यानं. बर्फाच्या पाण्यानं हुडहुडी भरते आणि ताप उलट वर जातो. गोधड्या घालून घाम काढायचा प्रकारही नको. एक सुती चादर आणि पंखा पुरे.

आता वाट का बघायची नाही, ते एका बाईच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटेल असे तपशील वगळते.

चोवीस-पंचवीस वर्षांची, दुसरं बाळंतपण, सव्वीस आठवडे. ऊसतोडीच्या दिवसांत शेतावर कामाला जात होती. सोमवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. गावातल्या एका दुकानातून ताप-अंगदुखीची जोडगोळी आणली. घेतली की दोन तासांत घाम येऊन ताप उतरायचा, ती भाकरी थापायची, रात्री परत चढायचा. तीन दिवस असंच. घरच्यांना वाटलं, गोळी लागू पडते आहे, व्हायरल असेल. गुरुवारी मध्यरात्री दात वाजवत माझ्याकडे आली. ताप १०३, नाडी १२८, जीभ कोरडी, आणि पोट दर दहा मिनिटांनी दगडासारखं आवळत होतं. बाळाचे ठोके १७८. मिनिटाला ११० ते १६० हे आपलं नेहमीचं माप.

मी तिला बसवलं आणि पाठीवर उजव्या बाजूला, शेवटच्या बरगडीखाली मुठीनं हलकंच ठोकलं. ती उडालीच. मग एकेक विचारत गेले. लघवीला जळजळ? "आठ दिवस हाय, पण पोटुशीला हुतंयच की." पाणी किती पिता? खाली बघून म्हणाली, "रानात जायाची सोय नसती, म्हणून सांजच्यालाच पीते." दिवसभर पाणी नाही आणि दिवसभर लघवी दाबलेली. लघवीच्या तपासणीत पू-पेशी मोजता येणार नाहीत इतक्या होत्या. जंतुसंसर्ग मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडात गेला होता.

गरोदरपणात हे इतकं सहज का होतं? संप्रेरकांमुळे मूत्रपिंडाकडून खाली येणाऱ्या नळ्या सैलावतात आणि वाढतं गर्भाशय त्यांच्यावर दाब देतं, उजवीकडे जास्त. लघवी साचते, साचलेल्यात जंतू वाढतात. गरोदर बाईला एकाएकी हुडहुडी भरून ताप आला आणि उजव्या कुशीत दुखत असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मी हेच धरते. कित्येकींना जळजळ नसतेच, नुसती पाठ दुखते, आणि सातव्या महिन्यात पाठदुखी कुणी मोजत नाही.

कल्चरसाठी लघवी आणि रक्त घेतलं, आणि अहवालाची वाट न बघता शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केलं. तापासाठी साधं पॅरासिटामॉल. सलाइन दिलं, पण मोजून: मूत्रपिंडाच्या संसर्गात गरोदर बाईच्या फुप्फुसांत पाणी उतरायचा धोका असतो, म्हणून दर तासाला श्वास आणि ऑक्सिजन बघत होतो, लघवी मोजत होतो. गर्भाशयाचं तोंड तपासलं, मिटलेलं होतं. पहाटेपर्यंत ताप १०० वर आला, बाळाचे ठोके १५० वर, आणि पोटाचं आवळणं आपोआप विरळ झालं. कळा थांबवायचं औषध लागलं नाही, कारण कळा तापाच्या होत्या. जोडगोळीमुळे बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय का ते सोनोग्राफीत बघितलं, सुदैवानं पुरेसं होतं. कल्चरमध्ये ई. कोलाय आला, औषध त्याला लागू होतं. तिसऱ्या दिवशी ताप पूर्ण गेला. एकूण १४ दिवस औषध पूर्ण केलं. बाळंत झाली अडतिसाव्या आठवड्यात, बाळ २ किलो ७०० ग्रॅम.

सोमवारी रात्री किंवा मंगळवारी सकाळी ती आली असती तर साध्या लघवीच्या तपासणीत हे सापडलं असतं आणि मध्यरात्रीची ती धावपळ टळली असती. तीन दिवस गोळीनं ताप उतरत राहिला, त्यामुळेच उशीर झाला. ताप गोळीनं उतरतो म्हणजे आजार साधा आहे, असा अर्थ कृपा करून काढू नका. गंभीर संसर्गातला तापही पॅरासिटामॉलनं उतरतो.

तुमच्या मिसेसच्या बाबतीत दवाखान्यात काय होईल ते सांगते, म्हणजे तयारीनं जाल. नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन बघतील, बाळाचे ठोके ऐकतील. रक्ताच्या पेशी, लघवीची तपासणी आणि कल्चर, मलेरियाची पट्टी, पावसाळा किंवा त्यानंतरचे दिवस असतील तर डेंग्यू. लघवीचा नमुना देताना जागा पाण्यानं धुऊन, पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्यायला सांगा, नाहीतर अहवाल फसवा येतो. खोकला, घसा, अंगदुखी एकदम सुरू झाली असेल तर फ्लूचा विचार होतो. फ्लू गरोदर बाईच्या फुप्फुसांत लवकर उतरतो, आणि त्यावरचं ऑसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. म्हणजे इथेही दोन दिवस वाट बघणं महागात जातं. विडालच्या एका तपासणीवर टायफॉइडचा शिक्का मारू देऊ नका, पहिल्या दिवसांत ती भरवशाची नसते. पंचगंगेला पूर येऊन गेल्यानंतरचे दिवस असतील, किंवा ती अनवाणी चिखलात, भाताच्या खाचरात उतरली असेल, तर तेही बोला, लेप्टोची तपासणी वेगळी असते.

डेंग्यूबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे सगळ्यांची समजूत उलटी आहे. पहिल्या-दुसऱ्या दिवशी प्लेटलेट चांगल्या आल्या म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. त्या नंतर घसरतात. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस१ ही तपासणी उपयोगी. आणि धोका ताप असताना असतो त्याहून जास्त ताप उतरल्यावर असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप जातो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच दिवस-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून रक्तदाब पडू शकतो. रक्त घट्ट होतंय का यावरून आम्ही ते ओळखतो, पण गरोदर बाईचं रक्त मुळातच पातळ असतं, त्यामुळे ती वाढ आकड्यांत लपते. म्हणून डेंग्यू निघाला तर गरोदर बाईला आम्ही भरती करून घेतो आणि रोज रक्त बघतो. त्याला पैसे काढायचा धंदा समजू नका. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, खूप गळून जाणं, ही त्या काळातली चिन्हं.

रात्री कितीही वाजले असले तरी निघायचं ते या गोष्टींवर: धाप लागणं, बाळाची हालचाल कमी होणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, पोट ठरावीक वेळानं आवळणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, पाणी पोटात न ठरणं, डोळे पिवळे दिसणं, गोळी देऊनही ताप १०२ च्या वर राहणं. तसंच जोरात डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर तापाकडे न बघता आधी रक्तदाब मोजून घ्यायचा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा, गरोदर बाईसाठी १०२ चीही गाडी असते. तुमच्या आशाताईंना उठवायला संकोच करू नका. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात प्रसूती विभाग रात्रभर चालू असतो.

जाताना गरोदरपणाची फाइल घ्या, दिलेल्या गोळ्यांची पाकिटं तशीच घ्या, आणि एका कागदावर ताप किती, किती वाजता, कोणती गोळी केव्हा, एवढं लिहून न्या. काखेत लावलेला थर्मामीटर तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी दाखवतो, म्हणून कुठे लावला तेही लिहा. दवाखान्यात पोचेपर्यंत गोळीनं ताप उतरलेला असेल आणि कुणी म्हणेल, "आता तर ताप नाही." तेव्हा हा कागद पुढे करा. ताप दिसावा म्हणून गोळी चुकवू मात्र नका.

बरी झाल्यावर दोन कामं उरतात. लघवीत संसर्ग निघाला असेल तर औषध संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी कल्चर परत करा, आणि पुढेही बाळंतपणापर्यंत अधूनमधून करत राहा. एकदा झालेला संसर्ग गरोदरपणात परत डोकं वर काढतो. आणि रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजायची सवय तिला लावा. दोन तासांत दहा वेळा जाणवली की ठीक. तेवढी भरली नाही, तर ताप असो वा नसो, त्याच दिवशी दाखवा. तपासण्यांचे अहवाल आले की इथेच आकडे लिहा, मी बघते.